सीटीत दिसलेली गुठळी आणि डॉक्टरांना न सांगितलेली गोळी

वाचकाचं पत्र

मी ४४ वर्षांची, सोलापुरात घरीच शिवणकाम करते. मागच्या महिन्यात आम्ही बसने काशी-प्रयाग-अयोध्या करून आलो. जाताना दोन रात्री बसमध्ये, येतानाही तसंच. आल्यावर आठवड्याने डावी पोटरी दुखायला लागली. प्रवासाचा शीण म्हणून सासूबाईंनी तेल लावून चोळून दिली. मग जिना चढताना दम लागू लागला, आणि श्वास आत घेतला की उजव्या बरगडीखाली सुई टोचल्यासारखं व्हायचं. एका दवाखान्यात न्यूमोनिया म्हणून चार दिवस औषध दिलं, फरक पडला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट सीटी करायला लावला, त्यात फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या निघाल्या. तीन दिवस ठेवून इंजेक्शनं दिली, गोळ्या लिहून घरी पाठवलं. त्याला दहा दिवस झाले. गुठळी आत तशीच आहे म्हणतात आणि घरी पाठवतात, हे कसं? दीर म्हणतात, पुण्याला चला, काढून घेऊ. हे म्हणतात, महिन्याने परत सीटी करू आणि गेली असेल तर गोळ्या बंद. दोन महिन्यांनी तिरुपतीचं बुकिंग आहे. यात्रेत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्याने अशक्तपणा आला असेल का? रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो सोबत पाठवते.

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी शेवटून वाचायला घेते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचा उल्लेख तुम्ही जाता जाता, अशक्तपणाच्या निमित्ताने केला आहे. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र कारण म्हणून फक्त "लांबचा प्रवास" लिहिलंय आणि हार्मोनच्या औषधांपुढे "नाही" अशी नोंद आहे. तुम्ही खोटं बोललात असं मला अजिबात वाटत नाही. "हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं की बहुतेक बायका नाहीच म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती गर्भनिरोधक गोळी किंवा थायरॉइडची गोळी. सण, लग्न, यात्रा यासाठी मेडिकलमधून आणलेली आठ-दहा दिवसांची गोळी औषधात धरलीच जात नाही. शिवाय सासरची चार माणसं खाटेभोवती उभी असताना पाळीविषयी कोण बोलणार? तरी उद्या तुमच्या डॉक्टरांना फोन करा. गोळीचं नाव, दिवसाला किती घेतल्या, कधीपासून कधीपर्यंत घेतल्या, एवढं सांगा. तुमचे पुढचे निर्णय बरेचसे या माहितीवर ठरणार आहेत.

ही गोळी बहुधा नोरएथिस्टेरॉनची असते, पाच मिलिग्रॅमची, दिवसातून दोन किंवा तीन वेळा घ्यायची. शरीरात गेल्यावर तिचा थोडा अंश इस्ट्रोजेनच्या एका प्रकारात बदलतो. तेच इस्ट्रोजेन गर्भनिरोधक गोळ्यांतही असतं आणि त्याने रक्ताचा गोठण्याकडे कल वाढतो. एरवी धडधाकट बाईला आठ-दहा दिवसांत सहसा काही होत नाही, म्हणून तर या गोळ्या इतक्या सहज घेतल्या जातात. तुमच्या बाबतीत त्याच दिवसांत दुसरी गोष्ट घडली. रात्रभर गुडघे दुमडून एका सीटवर बसलं की गुडघ्यामागच्या शिरेतलं रक्त जवळजवळ थबकतं, कारण ते वर ढकलायला पोटरीचे स्नायू हलावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये या विषयावरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं, की चार तासांहून जास्त प्रवासात हालचाल न करता बसल्यास गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा असो की बसचा. प्रवास संपल्यावरही तो काही आठवडे राहतो. म्हणून तुम्हाला बसमध्ये काही झालं नाही आणि घरी आल्यावर आठवड्याने पोटरी दुखली, यात विसंगत काही नाही. दुप्पट म्हणजे फार वाटतं, पण मुळातला धोका अगदी लहान असतो. नाहीतर सोलापूरहून निघालेल्या प्रत्येक यात्रेच्या बसमधून दहा-वीस जण दवाखान्यात गेले असते. तुमच्याकडे बसणं आणि गोळी अशा दोन गोष्टी जुळून आल्या, असं मला दिसतं.

सासूबाईंच्या मालिशला मात्र दोष देऊ नका. गुठळी तिच्याआधीच पायात झालेली होती आणि मालिश झाली नसती तरी तिचा तुकडा सुटू शकला असता. आता त्या पायाला चोळू नये, एवढंच.

आता रिपोर्ट. कॉन्ट्रास्ट सीटी करताना तुमच्या कोपराजवळच्या शिरेत सुई लावून पंपाने आयोडीनयुक्त औषध झपकन सोडलं असेल, अंगभर गरम लाट आली असेल, लघवी झाल्यासारखंही वाटलं असेल. ते औषध शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुफ्फुसाच्या धमन्यांत पोचतं, नेमक्या त्या काही सेकंदांत श्वास रोखायला लावून मशीन फोटो काढतं. औषध मिसळलेलं रक्त फोटोत पांढरंशुभ्र दिसतं. कालव्यात रंग सोडून वरून पाहिलं तर जिथे दगड आहे तेवढी जागा रंगाविना राहते, तशी गुठळीची जागा पांढऱ्या धमनीच्या आत करड्या ठिपक्यासारखी उरते. रिपोर्टातल्या "फिलिंग डिफेक्ट" या शब्दांचा अर्थ एवढाच. औषध भरायला हवं होतं, तिथे ते भरलं नाही.

तुमच्या रिपोर्टात असे डिफेक्ट उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागाच्या तीन सेगमेंटल शाखांत आणि डावीकडे एका शाखेत आहेत. "मेन पल्मनरी आर्टरी आणि दोन्ही मुख्य शाखा मोकळ्या", असंही लिहिलंय. हे महत्त्वाचं आहे. धमनीचं झाड धरलं तर खोड आणि मोठ्या फांद्या मोकळ्या आहेत, अडथळा लहान फांद्यांत आहे. एकाच बारीकशा शाखेत एकच ठिपका असता, तर रुग्ण श्वास रोखताना हलला की काय, औषध पोचायच्या आत फोटो निघाला की काय, अशी शंका मीही काढली असती. अशा चुका होतात, आणि मग नसलेल्या गुठळीवर महिनोन्महिने गोळ्या घेतल्या जातात. तुमच्याकडे चार ठिकाणी डिफेक्ट आहेत आणि पायाच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, डाव्या गुडघ्यामागच्या शिरेतही गुठळी दिसली आहे. त्यामुळे निदानाबद्दल शंका उरत नाही. गुठळी फुफ्फुसात तयार झालेली नाही हेही त्यातून कळतं. ती पायात झाली, तिचे तुकडे सुटून वर गेले.

त्याच रिपोर्टातली पुढची ओळ आहे "उजवीकडे खाली, कडेला, पाचरीच्या आकाराची ओपॅसिटी". पहिल्या दवाखान्यात एक्स-रेवर बहुधा हीच सावली दिसली आणि तिला न्यूमोनिया म्हटलं गेलं. चूक समजण्यासारखी आहे, कारण दोन्ही सावल्या एक्स-रेवर सारख्याच दिसतात. रक्तपुरवठा तुटल्याने फुफ्फुसाचा कडेचा छोटा तुकडा जखमी झाला आणि त्याला लागून असलेल्या आवरणाला सूज आली, म्हणून श्वास आत घेताना टोचतं. यात एक उलटी गंमत आहे. कडेच्या लहान गुठळ्या जास्त दुखतात, कारण दुखणं जाणवतं ते आवरणाला. मधल्या मोठ्या धमनीतली गुठळी पुष्कळदा दुखत नाही, ती दम लावते किंवा माणसाला चक्कर आणून पाडते. तेव्हा दुखतंय खूप म्हणजे गुठळी मोठी असणार, असा हिशेब घरात चालला असेल तर तो सोडा. हे टोचणं काही आठवड्यांत हळूहळू ओसरतं. थुंकीत एखाद-दुसरा तांबूस धागाही दिसू शकतो. ताजं लाल रक्त पडलं तर मात्र लगेच दवाखाना.

"गुठळी आत असताना घरी पाठवलं", हा तुमचा मुख्य प्रश्न. गुठळीत माणूस दगावतो तो बहुधा हृदयाच्या उजव्या कप्प्यामुळे. हा कप्पा पातळ भिंतीचा असतो, कमी दाबावर काम करायची त्याची सवय. पुढची धमनी अचानक तुंबली की तो फुगतो, थकतो आणि बीपी कोसळतो. म्हणून गुठळी सापडल्यावर ती कुठे आहे याहून अधिक डॉक्टर पाहतात ते हृदय तिला कसं तोंड देतंय ते. सीटीतच उजव्या आणि डाव्या कप्प्याची रुंदी मोजतात. उजवा डाव्याहून मोठा भरला, म्हणजे गुणोत्तर १ च्या वर गेलं, तर काळजी. तुमचं ०.८ आहे. रक्तातला ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, निगेटिव्ह आहे.

याशिवाय सहा प्रश्नांची एक साधी पट्टी जगभर वापरतात. वय ८० च्या वर आहे का, कॅन्सर आहे का, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा जुनाट आजार आहे का, नाडी ११० किंवा त्याहून जास्त आहे का, वरचा बीपी १०० च्या खाली आहे का, ऑक्सिजन ९० च्या खाली आहे का. तुमच्या कार्डावर दाखल होतानाची नाडी १०२, बीपी ११८/७४ आणि ऑक्सिजन ९५ आहे. सहाही उत्तरं "नाही". अशा रुग्णाला लवकर घरी पाठवणं हा हलगर्जीपणा नाही, ती आता सर्वत्र मान्य असलेली पद्धत आहे.

मग गुठळी "काढून" का घेऊ नये? गुठळी विरघळवणारं जोरकस इंजेक्शन असतं, नळी घालून ती ओढून काढण्याचे उपायही आहेत. पण ते बीपी कोसळलेल्या किंवा कोसळायला आलेल्या रुग्णासाठी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात उजव्या हृदयावर ताण आलेल्या, म्हणजे तुमच्याहून जास्त आजारी रुग्णांना असं इंजेक्शन दिलं होतं. त्यातल्या शंभरात सुमारे दोघांना मेंदूत रक्तस्राव झाला. तुमच्या गुठळीने तुम्हाला जेवढा धोका आहे, त्याहून हा उपाय महाग पडेल. शिवाय पुण्याला जायचं म्हणजे अडीचशे किलोमीटर गाडीत बसून जायचं, तेही पायातली गुठळी ताजी असताना. दिरांना दुसरं मत हवं असेल तर त्यात गैर काही नाही. सीटीची सीडी आणि रिपोर्ट त्यांच्याकडे द्या, ते घेऊन जातील. तुम्ही घरीच थांबा. बसल्याजागी दम लागला, चक्कर येऊन पडलात किंवा ओठ निळसर दिसले, तर पुणं नाही आणि दुसऱ्या दिवसाची ओपीडीही नाही, १०८ ला फोन करून जवळचं आयसीयू असलेलं रुग्णालय गाठायचं.

गोळीबद्दल एक गैरसमज तुमच्याच काय, बहुतेक रुग्णांच्या मनात असतो. रक्त पातळ करणारी गोळी गुठळी विरघळवत नाही. ती नवी गुठळी होऊ देत नाही आणि असलेली वाढू देत नाही, एवढंच करते. विरघळवण्याचं काम आपलं शरीर स्वतः करतं, त्याला आठवडे ते महिने लागतात, आणि तोवर गोळीने राखण करायची असते. यजमानांचा हिशेब इथे चुकतो. महिन्याने सीटी स्वच्छ आला म्हणून गोळी बंद केली, तर राखण अर्ध्यावर सोडल्यासारखं होईल. उलट सीटीत थोडं काही उरलेलं दिसलं तर सगळे विनाकारण घाबरतील, कारण जुने धागे कधीकधी राहतात आणि त्यांचा त्रासही होत नाही. बरं वाटत असेल तर पुन्हा सीटी सहसा लागतच नाही. पुन्हा तेवढं रेडिएशन आणि किडनीतून जाणारं औषध कशाला? गोळी किमान तीन महिने घ्यायची. तेव्हा डॉक्टर तपासतील. पूर्वीसारखा जिना चढता येत नसेल तर हृदयाची इको आणि फुफ्फुसाचा एक वेगळा स्कॅन करतील, कारण थोड्या रुग्णांत गुठळ्या न विरघळता धमनीच्या भिंतीला धरून बसतात आणि त्यावर वेगळे उपचार असतात.

तीन महिन्यांनी थांबायचं की पुढे चालू ठेवायचं, यासाठी कारण माहीत असणं लागतं, म्हणूनच मी ती पाळीची गोळी इतकी धरून बसले. कारण न सापडलेली गुठळी परत होण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे डॉक्टर गोळी लांबवतात. येऊन गेलेल्या, टाळता येण्यासारख्या कारणाने झाली असेल तर बहुधा थांबवता येतं. तुमच्या माहेरी कुणाला पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली होती का, तुमचे गर्भपात झाले आहेत का, हेही त्याच फोनवर सांगा.

तुमच्या चिठ्ठीवर रिव्हरॉक्साबान आहे. तिची चाल अशी, की पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दोन वेळा आणि नंतर २० मिलिग्रॅम एकदा. तुमची बदलायची तारीख पुढच्या आठवड्याच्या आसपास येते. इंजेक्शनचे दिवस त्यात धरले आहेत की नाही हे डॉक्टरांकडून विचारून कॅलेंडरवर खूण करा, कारण पहिलं पाकीट संपलं की "कोर्स संपला" समजून थांबणारे रुग्ण मी पाहिले आहेत. या गोळीची दुसरी खोड म्हणजे ती पोटभर जेवणासोबतच नीट शोषली जाते. तुमच्याकडे सोमवार, चतुर्थी असे उपवास असतीलच. भगर-आमटी, दाण्याची उसळ, साबुदाणा असं व्यवस्थित खाऊन गोळी घ्या, चहा-केळ्यावर नको. निर्जळी उपवास या काळात करू नका. मशीनवर बसून पाठ दुखली तर पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन स्वतःहून घेऊ नका, पोटातून रक्तस्राव होतो. काळी डांबरासारखी शी झाली किंवा डोक्याला जोराचा मार लागला तर लगेच दाखवा.

आता जे तुम्हाला दवाखान्यात कुणी सांगितलं नसेल ते. पुढची पाळी जास्त जाऊ शकते. या गोळीवर ते बऱ्याच बायकांना होतं, आणि ४४ व्या वर्षी ती आधीच अनियमित असू शकते. तेव्हा दोन चुका घडतात. पहिली, घाबरून रक्ताची गोळी बंद करणं. दुसरी त्याहून वाईट. मेडिकलमधून पाळी थांबवायची गोळी आणणं. ती एकतर पुन्हा नोरएथिस्टेरॉन असते, नाहीतर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, आणि ट्रॅनेक्सॅमिक गुठळी विरघळूच देत नाही. तुमच्या शरीराचं जे काम चालू आहे, त्याच्या ती थेट विरुद्ध जाते. तासाला एक पॅड भिजू लागला किंवा गरगरायला लागलं तर डॉक्टरांना फोन करा, हिमोग्लोबिन तपासा. ते गोळी बदलू शकतात. ॲपिक्साबान नावाच्या दुसऱ्या गोळीवर पाळीचा त्रास पुष्कळदा कमी होतो. या गोळ्या चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, आणि त्यासाठीचा उपाय इस्ट्रोजेनचा नसावा, हे स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा.

ज्या वाचक भगिनींना यातलं काहीच झालेलं नाही त्यांनाही सांगते. आधी कधी गुठळी झाली असेल, घरात कुणाला झाली असेल, वजन बरंच जास्त असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा पाय प्लास्टरमध्ये असेल, तर लांबच्या प्रवासाला निघताना पाळीची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, तर चोळण्याआधी डॉप्लर करा.

राहिलं तिरुपती. दोन महिन्यांनी दम लागत नसेल, गोळी नियमित चालू असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर जायला हरकत नाही. गोळी चालू असताना प्रवासाने नवी गुठळी होण्याचा धोका बराच कमी असतो, म्हणून प्रवासापुरती ती चुकवू नका. सोबत चार दिवसांच्या जास्तीच्या घ्या, त्या हातातल्या पिशवीत ठेवा. बसपेक्षा रेल्वे घ्या, डब्यात चालता येतं. दर दीड-दोन तासांनी उठा, बसल्याजागी टाचा वर-खाली करा. टॉयलेटला जावं लागेल म्हणून पाणी तोडू नका, त्या निमित्ताने तरी उठणं होतं. डोंगर पायी चढण्याचा नवस असेल तर या वर्षी राहू द्या, गाडीने वर जा. आणि त्या तारखेला पाळी येणार असं दिसत असेल, तर बुकिंग आजच पुढे ढकला.